बचत खात्याचा तळ शोधा: महागाई पैसे कसे खाते आणि त्यावर काय करायचं

२०२५ च्या मे महिन्यात मी इंदूरच्या राजेंद्रनगरला आत्याकडे गेलो होतो. पासबुकात नोंदी भरून आणायच्या होत्या, तेवढंच काम. बँकेतून परत आल्यावर पाहिलं तर खात्यात १५,४०,००० रुपये. काकांच्या भविष्य निर्वाह निधीची रक्कम होती ती. काका गेल्यापासून ती तशीच बचत खात्यात पडून होती. मी म्हटलं, "आत्या, हे एवढे पैसे इथे का ठेवलेस?" ती म्हणाली, "अरे, बँकेतच आहेत ना? पळून थोडेच जातायत!"

खरंच, पळून जात नव्हते. दर तिमाहीला पासबुकात थोडं व्याजही जमा होत होतं. इंदूरमधल्या आमच्या मराठी घरांत मी हे इतक्यांदा पाहिलंय, की त्या दिवशी आत्यासाठी जे केलं ते पायरीपायरीनं लिहावंसं वाटलं. मी हिशेबाचं काम करतो, त्यामुळे आकडेमोड माझी आहे. पण खरा धडा आत्याच्या खर्चाच्या वहीनं दिला.

आधी नुकसान किती, ते मोजू

१० लाख रुपये घेऊ. एप्रिल २०२० मध्ये कुणीतरी ते बचत खात्यात ठेवले आणि मार्च २०२५ पर्यंत हात लावला नाही. मोठ्या बँकांचा बचत खात्याचा दर या काळात साधारण २.७ ते ३ टक्के होता. आपण २.७ धरू. व्याज रोजच्या शिलकीवर मोजलं जातं आणि दर तिमाहीला जमा होतं. पाच वर्षांनी खात्यात साधारण ११,४४,००० रुपये दिसतील. १,४४,००० वाढले, असं वाटेल.

आता बाजाराकडे पाहू. किरकोळ महागाईचा सरासरी दर २०२०-२१ मध्ये ६.२ टक्के होता. पुढच्या वर्षांत तो अनुक्रमे ५.५, ६.७, ५.४ आणि ४.६ टक्के होता. हे दर एकावर एक चढतात, नुसती बेरीज करून चालत नाही. चढवत गेलं की २०२० मध्ये १०० रुपयांना मिळणारा किराणा २०२५ मध्ये जवळजवळ १३२ रुपयांना पडतो. म्हणजे १० लाखांत जे जे घेता आलं असतं, ते सगळं घ्यायला आता १३,१८,००० रुपये लागतात. खात्यात आहेत ११,४४,०००. फरक १,७४,००० रुपयांचा. २०२० च्या भावानं बोलायचं तर १० लाखांचे ८,६८,००० झाले. कुणी चोरले नाहीत, बँकेनं एक पैसा कापला नाही, आणि तरी दर १०० रुपयांतले १३ रुपये गेले.

आत्याला हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे देवघरातल्या कापरासारखं. डबी हलत नाही, झाकण उघडत नाही, आणि वड्या बारीक होत जातात."

पहिली पायरी: आपल्या घराची महागाई काढा

सरकारी आकडा देशभराची सरासरी असतो. आपल्या घरात काय घडलं, ते आपल्याच वहीत असतं. आत्या १९९० पासून खर्च लिहिते. लाल पुठ्ठ्याची वही, दर महिन्याला एक पान. मी २०२० ची आणि २०२५ ची वही शेजारी शेजारी ठेवली आणि एकाच महिन्याची दोन पानं उघडली.

तूरडाळ मध्ये चांगलीच चढली होती आणि पुन्हा उतरली होती. कांदा-टोमॅटोचंही तसंच. आपण सगळे कुरकुर करतो ती याच भावांबद्दल, कारण ते रोज डोळ्यांसमोर असतात. पण पानावर दुसऱ्या प्रकारच्या नोंदीही होत्या. धुण्याभांड्यांच्या बाईंचे ७०० चे १,२०० झाले होते. डॉक्टरांची तपासणी फी ३०० ची ६०० झाली होती. आरोग्य विम्याचा वर्षाचा हप्ता १४,००० वरून २७,००० वर गेला होता. त्यात वय वाढल्यामुळे वरच्या गटात गेल्याचाही वाटा होता. या नोंदी फक्त चढतात. बाईंचा पगार पुढच्या वर्षी कमी झाला, असं कुठल्याच घरात होत नाही. उतारवयात किराणा कमी होतो आणि नेमक्या याच नोंदी वाढत जातात.

वर्षातून एकदाच येणारे खर्च, म्हणजे विमा, महापालिकेचा कर आणि घराची डागडुजी, बारानं भागून महिन्यात मिळवले. आत्याचा २०२० चा सरासरी महिना १५,२०० रुपयांचा निघाला आणि २०२५ चा २१,००० चा. पाच वर्षांत ३८ टक्के वाढ, म्हणजे वर्षाला सुमारे ६.७ टक्के. सरकारी सरासरी याच काळात वर्षाला ५.७ च्या आसपास होती.

वही नसेल तर बँकेच्या खातेउताऱ्यावरून आणि मोबाइलवरून केलेल्या पेमेंटवरून अंदाज बांधता येतो. दोन वर्षांमागचा एक साधा महिना आणि आत्ताचा एक साधा महिना घ्या. दिवाळीचा किंवा लग्नकार्याचा महिना घेऊ नका, हिशेब फसतो. आकडा काटेकोर नसला तरी चालेल. आपल्या घराची महागाई ४ च्या जवळ आहे की ७ च्या, एवढं कळलं तरी पुढचे निर्णय बदलतात.

दुसरी पायरी: खात्याचा तळ शोधा

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही पायरी, आणि हीच कुणी करत नाही. "बचत खात्यात किती ठेवावं?" असं विचारलं की लोक सहा महिन्यांचा खर्च, तीन महिन्यांचा खर्च अशी ठोक उत्तरं देतात. पण खरं उत्तर तुमच्या पासबुकातच छापलेलं असतं.

गेल्या बारा महिन्यांचा खातेउतारा घ्या. प्रत्येक महिन्यात शिल्लक सगळ्यात कमी कधी झाली, तो आकडा पेन्सिलीनं गोल करा. बारा गोल होतील. त्यातला सगळ्यात लहान आकडा म्हणजे खात्याचा तळ. वर्षभरात कितीही खर्च आले तरी या रेषेच्या खाली तुम्ही गेला नाहीत. या रेषेखालचा पैसा वर्षभर एकदाही वापरला गेला नाही, नुसता झिजला.

आत्याचा तळ मार्चमध्ये लागला. विम्याचा हप्ता आणि महापालिकेचा कर एकाच महिन्यात गेल्यामुळे शिल्लक १५,३१,००० पर्यंत उतरली होती. वर्षातली सगळ्यात जास्त शिल्लक होती १५,९२,०००. म्हणजे वर्षभराचे सगळे चढउतार ६१,००० रुपयांत झाले होते. बचत खात्याचं खरं काम तेवढ्याच पैशांचं होतं. त्याखालचे पंधरा लाख नुसते बसून होते.

एक काळजी घ्या. ज्या वर्षी घरात मोठा खर्च झाला, म्हणजे ऑपरेशन, गच्चीचं काम किंवा मुलीचं लग्न, ते वर्ष तळासाठी धरू नका. त्याच्या आधीचं वर्ष घ्या. आणि दोन-तीन खाती असतील तर प्रत्येकाचा तळ वेगळा काढून बेरीज करा. नवरा-बायकोची पाच खाती आणि प्रत्येकात ४०-५० हजार "राहू देत" म्हणून ठेवलेले, असं फार घरांत असतं.

तिसरी पायरी: पैशाला तारीख लावा

तळाखालचा पैसा कुठे ठेवायचा, हे ठरवण्याआधी तो कधी लागेल, ते ठरवा. व्याजदराचा विचार नंतर. उद्या दवाखान्यात लागू शकणारा पैसा, दर महिन्याला घर चालवणारा पैसा आणि सात-आठ वर्षं लागणारच नाही असा पैसा, या तिघांच्या जागा वेगळ्या.

आत्याचं उत्पन्न असं: वरच्या मजल्याचं भाडं ११,००० आणि काकांच्या पश्चात मिळणारं कर्मचारी पेन्शन योजनेचं निवृत्तिवेतन २,९००. मिळून १३,९००. खर्च २१,०००. दर महिन्याला सुमारे ७,००० कमी पडतात आणि ते बचत खात्यातून जातात. हे निवृत्तिवेतन वर्षानुवर्षं तेवढंच राहतं, सरकारी निवृत्तिवेतनासारखा त्यावर महागाई भत्ता वाढत नाही. म्हणून आत्याच्या बाबतीत महागाई दोन बाजूंनी लागते. साठलेला पैसा झिजतो आणि दरमहा कमी पडणारी रक्कम वाढत जाते.

चौथी पायरी: पैसे हलवा

१५,४०,००० चे आम्ही चार भाग केले. बचत खात्यात ६०,००० ठेवले, तळ काढताना जी हालचाल दिसली तेवढेच.

तीन लाख आजारपणासाठी. ते त्याच बँकेत मुदत ठेवीत ठेवले, पण तीन लाखांची एक ठेव न करता एकेक लाखाच्या तीन पावत्या केल्या. ६०,००० लागले तर एकच पावती मोडायची, बाकी दोघींचं व्याज शाबूत. मुदतीआधी मोडल्यास बँका सहसा अर्धा ते एक टक्का व्याज कमी देतात, म्हणून हा दंड किती ते पावती करतानाच विचारून घ्यावं. त्या वेळी ज्येष्ठ नागरिकांना ७ टक्क्यांच्या आसपास दर मिळत होता. वर्षाचे २१,००० झाले.

नऊ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घातले. साठी ओलांडलेल्यांसाठी ही सरकारी योजना पोस्टात आणि बऱ्याच बँकांत मिळते. मर्यादा माणशी ३० लाख, मुदत ५ वर्षं, व्याज दर तिमाहीला. दर तीन महिन्यांनी सरकार दर जाहीर करतं, पण आपण खातं उघडू त्या दिवशीचा दर पूर्ण पाच वर्षं बांधलेला राहतो. एप्रिल २०२३ पासून २०२५ संपेपर्यंत तो ८.२ टक्के होता. नऊ लाखांवर तिमाहीला १८,४५० रुपये, म्हणजे महिन्याला ६,१५०. पॅन, आधार, फोटो आणि चेक एवढंच लागतं. एक लाखापेक्षा जास्त रक्कम रोखीनं घेत नाहीत. अर्ज भरताना दोन गोष्टी सोडू नका. वारसाचं नाव घाला, आणि व्याज थेट बचत खात्यात जमा व्हावं अशी सूचना लिहून द्या. या योजनेत न उचललेल्या व्याजावर व्याज मिळत नाही, ते तसंच पडून राहतं.

मध्येच गरज पडली तर? वर्षाच्या आत खातं बंद केलं तर मिळालेलं व्याज मुद्दलातून कापून घेतात. एक ते दोन वर्षांत बंद केलं तर मुद्दलाच्या दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कापला जातो. म्हणूनच दवाखान्याचे तीन लाख आधी बाजूला काढले. हा क्रम उलटा केला की माणूस नेमका पहिल्याच वर्षी दंड भरतो.

मुदत ठेवीचे १,७५० आणि योजनेचे ६,१५० मिळून महिन्याला ७,९०० रुपये झाले. आत्याला ७,००० कमी पडत होते. आता मुद्दलाला हात लावायची गरज उरली नाही. आधी संपूर्ण रकमेवर वर्षाला ४१,५८० रुपये व्याज मिळायचं, आता उरलेले २,८०,००० बाजूला ठेवूनसुद्धा, बचत खात्यातल्या ६०,००० चं व्याज धरून, ९६,००० च्या वर मिळतं. भाडं, निवृत्तिवेतन आणि व्याज एकत्र धरलं तरी तिचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खालीच आहे. ज्येष्ठांना एकाच ठिकाणी वर्षाला एक लाखाच्या वर व्याज मिळालं तर उगमावर कर कापतात. कर लागू नसेल तर दर एप्रिलमध्ये स्वघोषणेचा फॉर्म द्यावा लागतो, आपल्याकडे तो १५एच म्हणूनच ओळखला जातो.

इथेच थांबलं तर काय राहून जातं

बहुतेक लोक इथे थांबतात आणि समाधानानं झोपतात. मीही आधी असंच करायचो. पण व्याज दरमहा खर्चून टाकलं तर मुद्दल जिथल्या तिथे राहतं. आत्याचे नऊ लाख दहा वर्षांनीही नऊ लाखच असतील. महागाई ६ टक्के धरली तर त्या वेळी त्यांची किंमत आजच्या पाच लाखांएवढी असेल, आणि आजचा २१,००० चा महिना ३७,६०० चा झालेला असेल. ८.२ टक्के व्याज महागाईला हरवतं, हे खरं, पण ते व्याज खात्यातच राहिलं तर. खर्चलं की झीज पुन्हा सुरू.

यावर आत्याकडे दोन उपाय होते. पहिला भाड्याचा. चार वर्षं तिनं भाडं वाढवलंच नव्हतं, "मुलगी चांगली आहे, घरच्यासारखी राहते" म्हणून. मी तिला म्हटलं, तुझ्या उत्पन्नातली महागाईबरोबर वाढू शकणारी हीच एक गोष्ट आहे. अकरा महिन्यांचा करार नव्यानं करताना पाच टक्के वाढ लिहिली. भाडेकरूनं काही न बोलता मान्य केली, कारण शेजारची भाडी त्याहून कितीतरी वर गेली होती.

दुसरा उपाय उरलेल्या २,८०,००० चा. हे पैसे सात-आठ वर्षं लागणार नव्हते. म्हणून आम्ही ते निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात, म्हणजे देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात, महिन्याला १०,००० असे २८ महिन्यांत घालायचं ठरवलं. तोवर रक्कम बचत खात्याला जोडलेल्या ऑटो स्वीप ठेवीत ठेवली. या सोयीत ठरावीक शिलकीच्या वरची रक्कम आपोआप मुदत ठेव होते आणि हप्ता जायच्या दिवशी तेवढीच ठेव मोडते. इंडेक्स फंडच का? कारण मोठ्या कंपन्या आपल्या मालाचे भाव महागाईबरोबर वाढवतात आणि त्यांचा नफा लांबच्या पल्ल्यात त्यामागे जातो. आणि या फंडाचा खर्चही कमी असतो.

पण याची दुसरी बाजू आत्याला मी कागदावर लिहून दाखवली. २०२० च्या जानेवारीतल्या शिखरापासून मार्चपर्यंत निफ्टी ३८ टक्के पडला होता. त्या वेळी तो नोव्हेंबरपर्यंत भरून निघाला. पण जानेवारी २००८ मध्ये जिथे होता, साधारण तिथेच तो २०१३ च्या शेवटी होता, म्हणजे जवळपास सहा वर्षं. २,८०,००० चे १,७५,००० दिसले तर तू काय करशील, असं मी विचारलं. ती म्हणाली, "दुसरे पैसे असतील तर बघणारच नाही." हे उत्तर मिळालं म्हणूनच पुढे गेलो. "काढून घेईन" असं उत्तर असतं तर ती रक्कमही ज्येष्ठ नागरिक योजनेत घातली असती. त्यात कमीपणा नाही. बाजार पडलेला असताना घाबरून विकणाऱ्याचं नुकसान महागाईपेक्षा मोठं होतं.

सोन्याचा प्रश्न इंदूरमध्ये येणारच. आत्याचा पहिला विचार सराफ्यात जायचाच होता. सोन्यानं गेल्या काही वर्षांत महागाईला सहज मागे टाकलंय, पण दागिना घेतला की घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी जातो, आणि विकताना घडणावळ परत मिळत नाही. बांगड्या हौसेनं घ्याव्यात. पण दरमहा कमी पडणारे ७,००० त्या भरून काढू शकत नाहीत.

महागाई उतरली की?

ऑक्टोबर २०२५ मध्ये महागाईचा दर ०.२५ टक्क्यांवर आला. आत्यानं पेपरात वाचलं आणि फोन केला: "आता तर महागाईच नाही, मग उगाच एवढी धावपळ केली का?"

प्रश्न बरोबर होता. त्या महिन्यात बचत खात्याचं अडीच टक्के व्याजही महागाईच्या वर होतं. पण महागाईचा दर उतरणं म्हणजे भाव उतरणं नव्हे. वर गेलेले भाव तिथेच राहिले, फक्त त्या वर्षी आणखी चढले नाहीत. शिवाय तो दर मुख्यतः भाज्या आणि डाळी उतरल्यामुळे खाली आला होता. मी आत्याला म्हटलं, वही काढ, बाईंचा पगार आणि डॉक्टरांची फी बघ. दोन्ही तसूभर कमी झाले नव्हते. आणि महागाई शांत असते तेव्हा रिझर्व्ह बँक व्याजदर उतरवते. २०२५ मध्ये तसंच झालं आणि मोठ्या बँकांचा बचत खात्याचा दर जूनमध्ये २.७ वरून २.५ वर आला. ज्यांनी त्याआधी पाच वर्षांचा दर बांधून घेतला, त्यांचं उत्पन्न तसंच राहिलं. रिझर्व्ह बँकेचं स्वतःचं उद्दिष्टच ४ टक्के महागाईचं आहे, २ टक्के इकडे-तिकडे. म्हणून पाच-दहा वर्षांचा हिशेब मांडताना एका वर्षाचा दर न धरता ५-६ टक्केच धरावा.

कुठे फसतं

सगळ्यात मोठा धोका बँकेच्या काउंटरवरच भेटला. आत्या मुदत ठेवीबद्दल विचारायला गेली, तर समोरच्या माणसानं खात्यातली शिल्लक पाहून तिला आत केबिनमध्ये नेलं. चहा आला. "माताजी, एफडीमें क्या रखा है, ये देखिए," असं म्हणत त्यानं एक रंगीत कागद पुढे केला. दरवर्षी तीन लाख, पाच वर्षं. आत्याला वाटलं ही पाच वर्षांची ठेवच आहे. ती विमा पॉलिसी होती. दुसऱ्या वर्षी तीन लाख भरले नसते तर पहिल्या तीन लाखांतला मोठा भाग गेला असता.

ओळखायची खूण सोपी आहे. कागदावर "प्रीमियम", "पॉलिसी" किंवा "विमाराशी" यांपैकी एक जरी शब्द दिसला, तर ती ठेव नाही. मुदत ठेवीत पैसे एकदाच भरायचे असतात. सही झालीच असेल तर पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, थोडी कपात होऊन पैसे मिळतात. ते ३० दिवस चुकवू नका.

दुसरी चूक मुदत संपल्यावरची. ठेवीची मुदत संपली आणि ना पैसे काढले ना नूतनीकरण केलं, तर रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे त्या रकमेवर बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा दर, यांतला जो कमी तोच मिळतो. ज्येष्ठ नागरिक योजनेचंही तसंच. पाच वर्षं झाली की मुदत तीन वर्षांनी वाढवता येते, पण अर्ज आपणच करायचा, तोही वर्षाच्या आत. म्हणून आत्याच्या देवघराशेजारच्या कॅलेंडरवर आम्ही पावत्यांच्या तारखा लाल पेनानं लिहिल्या, आणि त्याच तारखा माझ्या फोनमध्येही घातल्या.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. एका बँकेत एका माणसाच्या सगळ्या ठेवी मिळून, व्याज धरून, फक्त पाच लाखांचा विमा असतो. शाखा वेगळ्या असल्या तरी त्या एकच मोजतात. अर्धा-एक टक्का जास्त मिळतो म्हणून छोट्या सहकारी बँकेत सगळं ठेवण्याआधी हा आकडा आठवावा. सहकारी बँकेच्या दारात रांगेत उभे राहिलेले आजोबा मी लहानपणी पाहिलेत.

साठीच्या आतल्यांसाठी

ज्येष्ठ नागरिक योजना तुम्हाला सहसा मिळणार नाही, पण तळ काढायची रीत तीच. दोन-तीन वर्षांत लागणारे पैसे मुदत ठेवीत ठेवा. पंधरा वर्षं थांबू शकत असाल तर पीपीएफ आहे, २०२५ मध्ये ७.१ टक्के आणि करमुक्त, वर्षाला दीड लाखांपर्यंत. त्यापुढचा पैसा इंडेक्स फंडात हप्त्यानं. पगारावर कर भरत असाल तर ठेवीच्या व्याजावरही कर लागतो. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर ७ टक्के व्याजाचे हातात पाचच्या आतच उरतात, आणि तेवढ्यानं महागाईची जेमतेम बरोबरी होते. तुमच्या हिशेबात हा कर आधी वजा करा, मगच दरांची तुलना करा.

वर्षातून एकदा पुन्हा पासबुक

हे काम एकदा करून संपत नाही. व्याज बचत खात्यातच जमा होतं, आणि दोन वर्षं कुणी पाहिलं नाही तर तिथे पुन्हा लाख-दीड लाख साठतात. आम्ही एप्रिल महिना ठरवलाय, कारण कराचा फॉर्मही तेव्हाच द्यायचा असतो. बारा गोल काढायचे, तळ बघायचा आणि तो ६०,००० च्या वर जेवढा असेल तेवढ्याची पावती करायची. वहीतून नवा सरासरी महिना काढायचा. घराचा खर्च भाड्यापेक्षा वेगानं वाढला असेल तर पुढच्या करारात काय मागायचं, ते त्याच दिवशी ठरवायचं.

ऑक्टोबरमध्ये मी पुन्हा गेलो तेव्हा आत्यानं पासबुक आधीच भरून आणलं होतं. १ ऑक्टोबरच्या ओळीत १८,४५० रुपये जमा होते. लाल वहीच्या त्या महिन्याच्या पानावर तिनं डाव्या बाजूला नवीन रकाना आखला होता, आणि त्यात पहिल्यांदाच खर्चासमोर व्याज लिहिलं होतं.